वेळापत्रक-तपासणी
शाळा-महाविद्यालयाच्या कच्च्या वेळापत्रकात एकाच वेळी दोन ठिकाणी लागलेले शिक्षक आणि क्षमतेपेक्षा जास्त वापरलेल्या खोल्या शोधून त्यांची यादी देणारी प्रक्रिया. प्रत्येक तासिकेची वार, तासिका, वर्ग, शिक्षक, खोली अशी एक ओळ करतात. वार, तासिका आणि शिक्षक तिन्ही जुळणाऱ्या दोन ओळी सापडल्या, की तो दोष. अलिबागच्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात मंगळवारी तिसऱ्या-चौथ्या तासिकेला रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक आणि चौथीलाच ते घेणाऱ्या शिक्षकांचा बारावीचा तास आहे, असे समजू. जोडतासिका तिसरीच्या एकाच ओळीत नोंदवली, तर हा दोष निसटतो. ती आधी दोन ओळींत फोडावी लागते. खोलीला मात्र मर्यादा लावतात: प्रयोगशाळेत दोन तुकड्या मावत असतील, तर तिसरीच खटकते. एकत्र बसवलेल्या वर्गांना सामाईक खूण नसल्यास खोटी तक्रार उठते. यादी रिकामी आली, तरी शिक्षकाचे सलग सहा तास या तपासणीत दिसत नाहीत.