अढाई द्वीपाचा पट : मध्यापासून कडेकडे

सोबत छापलेले छायाचित्र कापडावर रंगवलेल्या एका मंडलाचे आहे. गुजरात-राजस्थानकडे पंधराव्या शतकापासून असे पट रंगवले जात. जैन भूगोलातील मनुष्यलोकाचा, म्हणजे अढाई द्वीपाचा, हा नकाशा. बरेच लोक त्याला यंत्र समजतात किंवा शोभेचे चक्र म्हणून भिंतीवर लावतात, आणि मग तो उलटा टांगला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. तेव्हा आधी दिशा लावून घेऊ.

अगदी मध्यावर जे लहान पिवळे वर्तुळ दिसते तो मेरू पर्वत. त्याच्या भोवतालची मोठी तबकडी म्हणजे जंबूद्वीप. ही तबकडी पूर्व-पश्चिम पसरलेल्या सहा पर्वतपट्ट्यांनी सात क्षेत्रांत विभागलेली आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या तिसऱ्या अध्यायात या पर्वतांचे रंगही दिले आहेत. मेरूच्या दक्षिणेचा निषध तापलेल्या सोन्यासारखा, म्हणून चित्रकार तो तांबडा रंगवतो. उत्तरेचा नील वैडूर्याचा, म्हणून निळा. मेरूच्या ज्या अंगाला तांबडी पट्टी असेल ती दक्षिण, एवढे ध्यानात ठेवा. जुन्या पटांत रंग उडालेले असतात. तिथे पट्टीवरची अक्षरे पाहावी लागतात. अक्षरे आरशातल्यासारखी दिसली, तर छपाईत फोटोच उलटला आहे असे समजावे.

आता आपण स्वतः कुठे आहोत ते शोधू या. नजर साहजिकच मध्याकडे जाते. पण भरतक्षेत्र तिथे नाही. मेरूपासून सरळ दक्षिणेला जा, तांबडा निषध ओलांडा, पुढचे दोन पर्वतही ओलांडा, आणि तबकडीच्या अगदी काठाला धनुष्यासारखा जो तुकडा उरतो तो भरत. त्याला मधोमध छेदणारा पर्वत विजयार्ध, आणि त्यातून खाली येणाऱ्या दोन रेघा गंगा व सिंधू. उत्तरेच्या काठाला असाच तुकडा आहे, तो ऐरावत.

भरत एक भाग धरला, तर पुढचा पर्वत दोन, त्यापुढचे क्षेत्र चार, अशी दुप्पट होत होत मधला विदेह चौसष्ट भागांचा होतो. पलीकडे त्याच क्रमाने निम्मे निम्मे होत जाते. सगळी बेरीज 190. जंबूद्वीपाचा व्यास एक लाख योजने, म्हणून भरताची रुंदी 526 योजने आणि वर 6/19. हा अपूर्णांक मला लहानपणी पाठांतराची शिक्षा वाटे. बेरीज मांडून पाहिल्यावरच तो कुठून आला ते कळले.

तबकडीभोवतीचे निळे कडे म्हणजे लवणसमुद्र, दोन लाख योजने रुंद. त्यात चार दिशांना चार घडे दिसतात. हे पाताळकलश. त्यांच्या तळच्या तिसऱ्या हिश्शात वारा, मधल्यात वारा आणि पाणी, वरच्यात नुसते पाणी. तळचा वारा खवळला की पाणी वर फुगते: भरती-ओहोटीचे हे जुने स्पष्टीकरण. गोव्याच्या वाचकाला ते पटणार नाही, पण प्रश्न कोणता होता हे त्याला नक्की कळेल. पुढे दुसरे निळे कडे येईल, तो कालोदसमुद्र. त्यात मासे असतात, घडे नसतात.

या दोन समुद्रांच्या मध्ये धातकीखंड आहे, चार लाख योजनांचे. उत्तर-दक्षिण दोन पर्वत त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करतात आणि दोन्ही भागांना आपापला मेरू आहे. इथले पर्वत बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे रंगवलेले असतात. आठ लाख योजनांच्या कालोदापलीकडे पुष्करद्वीप. त्याचे अर्धेच चित्रात येते, तेही आठ लाख योजने. दोन पूर्ण आणि एक अर्धे, म्हणून अढाई द्वीप. एकूण मेरू पाच.

आता व्यास काढा. कड्यांची बेरीज बावीस लाख, ती दोन्ही बाजूंची म्हणून चव्वेचाळीस, आणि मध्यला एक. एकूण 45 लाख योजने. पट 90 सेंटिमीटरचा असला आणि चित्रकाराने मोजमाप तंतोतंत पाळले, तर जंबूद्वीप दोन सेंटिमीटरचे होईल आणि भरत केसाच्या जाडीचा. गंगा-सिंधू मग काढणार कुठे? म्हणून चित्रकार मध्य फुगवतो आणि बाहेरची कडी आवळतो. पट्टी लावून या पटाची चूक काढणाऱ्याने हे आधी पाहावे. आकडे ग्रंथात होतेच. चित्रकाराला त्यांतील माणसाची जागा डोळ्यांना दिसेल अशी करायची होती.

सर्वांत बाहेरचे गोल कुंपण म्हणजे मानुषोत्तर पर्वत. पुष्करद्वीप त्याच्या पलीकडेही आहे, त्यापुढे असंख्य द्वीप-समुद्र आहेत. पण मनुष्याचा जन्म या कुंपणाच्या आतच. लोकाच्या माथ्यावर जी सिद्धशिला सांगितली आहे, तिचा व्यासही बरोबर 45 लाख योजनेच आहे. मुक्त होणारा जीव मनुष्यलोकातूनच निघतो आणि तिथून सरळ वर जातो, असे शास्त्र मानते.