पाचशे बारा बाइटांचे घराणे

फाइलची प्रत काढणारी `cp` ही आज्ञा बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७१ साली तयार झालेल्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतच आढळते. ती ज्यांच्या आधाराने काम करी ते `read` आणि `write` हे दोन सिस्टिम कॉलही त्याच पुस्तिकेत आहेत. सिस्टिम कॉल म्हणजे डिस्क, स्मृती आणि इतर यंत्रसामग्री ज्याच्या ताब्यात असते त्या कर्नलकडे प्रोग्रामने थेट केलेली मागणी होय. अशा प्रत्येक मागणीला प्रोग्राम थांबतो, ताबा कर्नलकडे जातो, मागणी तपासली जाते आणि ताबा परत येतो. एक बाइट मागितला काय किंवा हजार मागितले काय, या येण्याजाण्याचा खर्च टळत नाही.

हा खर्च `cp` च्या कर्त्यांनी प्रथमपासून ओळखला होता. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीतील `cp` मध्ये २५६ पूर्णांकांची जागा राखलेली दिसते. पीडीपी-११ या यंत्रावर पूर्णांक २ बाइटांचा असल्यामुळे ती जागा ५१२ बाइटांची, म्हणजे नेमकी डिस्कवरील एका ब्लॉकाएवढी होते. अशा तात्पुरत्या साठवणीला बफर म्हणतात. प्रोग्रामचा गाभा आजच्या सी भाषेत पुढीलप्रमाणे लिहिता येतो:

```c
char buf[512];
while ((n = read(in, buf, sizeof buf)) > 0)
    if (write(out, buf, n) != n)
        fail();
```

येथे सगळी मदार `n` वर आहे. १३०० बाइटांची फाइल घेतली, तर `read` अनुक्रमे ५१२, ५१२ आणि २७६ बाइट देते, व चौथ्या वेळी फाइल संपल्याची खूण म्हणून शून्य देते. `write` च्या ओळीत दोन्ही ठिकाणी `n` ऐवजी `sizeof buf` लिहिल्यास शेवटच्या फेरीत २७६ नव्या बाइटांमागे आधीच्या ब्लॉकाचे २३६ शिळे बाइट लिहिले जातात आणि प्रत १५३६ बाइटांची होते. प्रोग्राम कसलीही तक्रार करीत नाही, आणि मजकुराच्या फाइलमध्ये शेवटी आधीच्या काही ओळी पुन्हा आलेल्या दिसतात, एवढीच काय ती खूण. म्हणून प्रत काढल्यावर `cmp` ने दोन्ही फाइली ताडून पाहाव्या लागतात.

लायब्ररीतील बफरयुक्त फंक्शनांचे मूळही याच आकड्यात आहे. सहाव्या आवृत्तीत `getc` वापरणाऱ्याला ५१८ बाइटांची जागा स्वतःच पुरवावी लागे: फाइलचा क्रमांक, उरलेल्या अक्षरांची संख्या आणि पुढच्या अक्षराचा पत्ता यांना दोन-दोन बाइट, आणि उरलेले ५१२ बफराचे. `cp` ने हाताने केलेली तजवीजच येथे सर्वांसाठी बांधून ठेवलेली होती. माइक लेस्क यांनी लिहिलेल्या इनपुट-आउटपुट संचाला पुढे नवे रूप देऊन १९७९ च्या सातव्या आवृत्तीत `stdio` आले, तेव्हा हे बफर लायब्ररीच्या पोटात गेले.

‘थेट कॉल वेगवान, लायब्ररी मंद’ हा समज म्हणूनच अर्धवट ठरतो. रिचर्ड स्टीव्हन्स यांनी युनिक्स प्रोग्रामिंगवरील आपल्या १९९२ च्या ग्रंथात सुमारे दीड मेगाबाइटची फाइल वेगवेगळ्या आकाराच्या बफरांनी वाचून, लिहिलेले `/dev/null` मध्ये टाकून वेळा मोजल्या. एकेका बाइटाच्या `read` ला सुमारे सात मिनिटे लागली, ८१९२ बाइटांच्या `read` ला अर्ध्या सेकंदाहूनही कमी, आणि एकेक अक्षर घेणाऱ्या `getc` ला पाच सेकंदांच्या आसपास. `getc` ने कर्नलमध्ये घालवलेला वेळ मोठ्या `read` इतकाच होता, कारण आतून तेही मोठाल्या खेपांनीच वाचत होते. जादा वेळ गेला तो प्रत्येक अक्षरामागे चालणाऱ्या फेऱ्यांत. स्पर्धा खरी तर खेपेच्या आकाराची आहे.

आज ही मोजणी घरी करू पाहणाऱ्याची फसगत बहुधा कर्नलच्या पेज कॅशमुळे होते. वाचलेली फाइल कर्नल स्मृतीत धरून ठेवतो, त्यामुळे दुसऱ्यांदा चालवलेला प्रोग्राम, तो कोणताही असो, वेगवान भासतो. लिहिलेलेही आधी स्मृतीतच राहते, आणि डिस्कवर पोहोचण्यापूर्वीच प्रोग्राम संपतो. घड्याळाऐवजी `strace -c` ने कॉलांची संख्या मोजली, तर फरक निखळ दिसतो. एक मेबीबाइटच्या, म्हणजे १०,४८,५७६ बाइटांच्या फाइलसाठी एकेका बाइटाने दोन्ही मिळून वीस लाखांवर कॉल होतात, ५१२ च्या बफराने ४०९७, आणि ४०९६ च्या बफराने ५१३. दोन्ही विषम आकड्यांतला शेवटचा एक कॉल म्हणजे शून्य देणारा `read`.

लिनक्सवरील ग्नू `cp` तपासू गेल्यास मात्र कधीकधी एकही मोठा `read` हाती लागत नाही. २०२१ च्या ९.० आवृत्तीपासून ती शक्य तेथे `copy_file_range` हा कॉल वापरते, आणि बाइट प्रोग्रामच्या बफरात न येताच कर्नलच्या आत एका फाइलीतून दुसरीत जातात.