जुन्या कर्मचाऱ्याला रेफरन्स लेटर देताय? कौतुक करताना इथे गडबड होते

एक्सपिरियन्स लेटरमध्ये फक्त तारखा आणि पद लिहिलं की काम होतं. रेफरन्स लेटरमध्ये मात्र माणूस कसा आहे यावर तुम्ही मत देता, आणि भानगड तिथेच सुरू होते.

समजा, तुमची औषधांची होलसेल एजन्सी आहे. बिलिंग सांभाळणारा मुलगा तीन वर्षं राहिला आणि आता सोडून गेला. कामात हुशार होता, पण शेवटच्या महिन्यात स्टॉकमध्ये 14 बॉक्स कमी भरले. संशय त्याच्यावर होता, पण चौकशी काही झाली नाही. आता त्याला लेटर हवंय.

चोरीबद्दल लिहिलंत तर तुमच्याकडे पुरावा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सद्भावनेने, कुणाच्या तरी हितासाठी केलेल्या विधानाला त्यात संरक्षण आहे, पण सद्भावना म्हणजे पुरेशी काळजी घेऊन बोलणं. नुसता संशय तिथे टिकणं अवघड.

मग "अत्यंत प्रामाणिक" लिहून मोकळं व्हायचं का? तेही नाही. ज्याची तुम्हाला खात्री नाही त्याची हमी तुम्ही नव्या मालकाला देताय. तिथे अफरातफर झाली, तर तुमच्या सहीचा कागद पुढे येणारच.

यातली मेख ब्रिटनमधल्या एका केसमधून कळते. स्प्रिंग विरुद्ध गार्डियन ॲश्युरन्स, 1994. इन्शुरन्स विकणाऱ्या स्प्रिंग यांच्याबद्दल जुन्या कंपनीने फार वाईट रेफरन्स दिला, त्यांच्या सचोटीवरच बोट ठेवलं. हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की रेफरन्स देणाऱ्याने माहिती नीट तपासून लिहिली पाहिजे, नाहीतर निष्काळजीपणाची जबाबदारी येते. हा निकाल भारतातल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण सवय म्हणून चांगला आहे.

आता आपल्या मुलाचं लेटर. विशेषणं काढा आणि डोळ्यांनी पाहिलेलं लिहा:

"यांनी जून 2021 ते जुलै 2024 आमच्याकडे बिलिंगचं काम केलं. रोज साधारण 80 बिलं ते एकटे काढत. एक्सपायरी मालाचे रखडलेले क्रेडिट नोट्स त्यांनी स्वतःहून मार्गी लावले. दुकानदार त्यांचं नाव घेऊन फोन करत. हे पत्र फक्त त्यांच्या बिलिंगच्या कामाबद्दल आहे."

वाचायला हे "मेहनती व होतकरू" पेक्षा जास्त आपुलकीचं वाटतं, कारण कुणीतरी त्याचं काम खरंच बघितलंय. शेवटच्या ओळीमुळे स्टॉक आणि कॅशबद्दल तुम्ही काहीच म्हटलेलं नाही, हे उघड राहतं. पण चोरी सिद्ध झाली असती, तर असं गोड लेटर देणं दिशाभूल ठरलं असतं. तेव्हा फक्त तारखा आणि पद द्यावं.

राहिला फोन. नव्या कंपनीचा एचआर कॉल करतो आणि लोक कागदावर टाळलेलं तिथे बोलून बसतात. बदनामी तोंडी बोलण्यानेही होते. "लेटरमध्ये आहे तेवढंच सांगू शकतो," असं म्हणा. आणि लेटरची सही केलेली कॉपी आपल्या फाईलला लावून ठेवा.