मुळकोवालची बाटली



लशीचा विषय निघाला की घोडेगावात काय किंवा नगरात काय, पहिला प्रश्न ठरलेला असतो. टोचल्यावर ताप येतो, तो रोगच अंगात घातल्यामुळे नव्हे काय?

१८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेग असताना डॉ. हाफकिन यांनी नवी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, दंडही सुजला. प्लेग मात्र झाला नाही. होणार तरी कसा? लशीतले जंतू तापवून मारलेले होते. मेलेल्या जंतूचीही ठेवण शरीर ओळखते, त्याला धरणारी प्रतिपिंडे बनवते व ती ओळख जपून ठेवते. ताप ही त्या कामाची धग. एकदोन दिवसांत ओसरते. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी राजीखुशीने टोचून घेतले. न टोचलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला व सहा दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला व दोघेही जगले. लस अभेद्य नव्हती, पण फरक उघड होता.

‘मग टोचल्यावर माणसे मेली, ती कशाने?’ हा प्रश्न रास्त आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुळकोवाल गावी मुंबईहून गेलेली प्लेगची लस १०७ जणांना टोचली. आठवड्याभरात त्यांतील एकोणीस जणांना धनुर्वात झाला व सगळे मेले. गाव म्हणाला, लशीने मारले. सरकारनेही हाफकिन यांना कामावरून दूर केले. परंतु बारकाईने पाहा. बाटल्या पाच होत्या आणि मेलेले एकोणीसही एकाच बाटलीचे. उरलेल्या चार बाटल्यांच्या ८८ जणांपैकी कोणालाही धनुर्वात झाला नाही. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो न उकळता, नुसता सौम्य कार्बोलिक पाण्यात बुडवून त्यानेच बूच काढले, असे चौकशीत निघाले. धनुर्वाताचे बीज मातीत असते आणि त्या पाण्याने ते मरत नाही. लस बाटलीत भरतानाच दूषित झाली असती, तर इतक्या दिवसांत तिला दुर्गंधी सुटली असती. उघडताना तशी नव्हती. हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर व्हायला १९०७ साल उजाडले, आणि त्यासाठी रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना वर्तमानपत्रांत लिहावे लागले! म्हणून लशीनंतर काही बिघडले की विचारावे: त्याच बाटलीचे इतर कसे आहेत? न टोचलेल्यांतही तेच घडते आहे काय?

तिसरा प्रश्न चतुर माणसाचा असतो. सगळ्यांनी टोचून घेतले, तर मी एकटा राहिलो म्हणून काय बिघडले? आपल्या जनावरांच्या बाजारात वावरणाऱ्याला हे पटकन कळेल. गोठ्यातली बहुतेक गुरे लाळ-खुरकुताची लस घेतलेली असली, की रोगाला पुढे सरकायला जनावर मिळत नाही. गोवराला अशी वाट बंद करायची तर शंभरांतले पंचाण्णव जण सुरक्षित लागतात. असे चतुर पाचांहून अधिक झाले की साथ शिरते. देवी माणसाकडून माणसाकडेच जात, म्हणून रोग्याभोवतालच्या लोकांना टोचून ती कोंडता आली. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी झाला नाही. प्लेगचे तसे नव्हते. तो बहुधा उंदरांवरच्या पिसवांतून येई. शेजारी टोचलेला असला, तरी घरातला उंदीर थांबत नसे. आणि धनुर्वात तर मातीतून येतो. सारे गाव टोचलेले असले, तरी न टोचलेल्याच्या पायातल्या खिळ्याला त्याचा काही उपयोग नाही.