विद्युत मोटारीचा पल्ला आणि महामार्गावरील वेग

विद्युत मोटारीचा पल्ला म्हणजे बॅटरी एकदा पूर्ण भरल्यावर ती मोटार जितके अंतर कापू शकते तितके अंतर. हा पल्ला मोटारीचा ठरीव गुणधर्म नसून तो वेगानुसार बदलतो. शहरात अडीचशे किलोमीटर चालणारी मोटार महामार्गावर दीडशे किलोमीटरच्या आसपास थांबू शकते. यात बॅटरीचा दोष नसतो. वेग वाढला की हवेचा रोध झपाट्याने वाढतो, हे त्याचे मुख्य कारण होय.

वॅट-तास प्रति किलोमीटर

पेट्रोल मोटारीत ज्याप्रमाणे 'एका लिटरला किती किलोमीटर' असे मोजतात, त्याप्रमाणे विद्युत मोटारीत एक किलोमीटर जाण्यास किती वॅट-तास ऊर्जा लागली हे मोजतात. बॅटरीतील वापरता येणाऱ्या ऊर्जेला या आकड्याने भागले की पल्ला मिळतो. २०२० साली भारतीय बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची होती आणि तिचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. भागाकार केल्यास किलोमीटरमागे सुमारे ९७ वॅट-तास येतात. प्रमाणित पल्ला प्रयोगशाळेत रोलरवर मोटार चालवून, ठरावीक वेगक्रमानुसार मोजला जातो. भारतीय वेगक्रमात शहराबाहेरचा भाग धरला तरी वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि बराचसा वेळ त्याहून पुष्कळ कमी वेगात जातो. त्यामुळे हा आकडा खोटा नसला, तरी तो महामार्गाचा आकडा नव्हे.

हवेचा रोध

धावत्या मोटारीला समोरची हवा बाजूला सारावी लागते. वेग दुप्पट झाला की दर सेकंदाला दुप्पट हवा सारावी लागते आणि त्या हवेला दुप्पट वेगही द्यावा लागतो. म्हणून रोधाचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट वेगाला चौपट होते. एखादी वस्तू ठरावीक अंतर ढकलण्यास लागणारी ऊर्जा बल आणि अंतर यांच्या गुणाकाराइतकी असते. अर्थात प्रत्येक किलोमीटरमागे हवेसाठी खर्च होणारी ऊर्जाही चौपट होते. (शक्ती, म्हणजे दर सेकंदाचा खर्च, आठपट होतो; परंतु तेच अंतर निम्म्या वेळात पार पडत असल्याने पल्ल्याच्या हिशेबात चौपटच धरावयाचे. विद्यार्थ्यांचा येथे नेहमी गोंधळ होतो.)

रोध हवेची घनता, मोटारीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ व तिचा आकार यांवरही अवलंबून असतो. चाकांचा रोध मात्र मुख्यतः वजनावर ठरतो आणि वेगाने फारसा बदलत नाही. बल न्यूटनमध्ये असल्यास त्याला ३.६ ने भागले की किलोमीटरमागील वॅट-तास मिळतात.

नागपूर ते यवतमाळ : एक हिशेब

नागपूरहून वर्धा, देवळी, कळंब या मार्गाने यवतमाळ सुमारे १५० किलोमीटर आहे. या प्रवासासाठी प्रवाशांसह १,६०० किलो वजनाची, लहान एसयूव्हीच्या आकाराची मोटार घेऊ. तिच्या बॅटरीत वापरता येण्याजोगी ऊर्जा ३० किलोवॅट-तास आहे असे मानू. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंच आहे. तेथे ३० अंश तापमानात हवेची घनता घनमीटरला १.१ किलोग्रॅमच्या जवळपास असते. अशा मोटारीवर ताशी ८० किलोमीटर वेगाला हवेचा रोध सुमारे २१७ न्यूटन, म्हणजे किलोमीटरमागे ६० वॅट-तास होतो. चाकांचा रोध सुमारे ४४ वॅट-तासांचा असतो. बॅटरीतून निघालेल्या ऊर्जेपैकी शेकडा ८५ चाकांपर्यंत पोहोचते असे धरल्यास १०४ चे १२२ होतात. वातानुकूलन व इतर उपकरणांसाठी एक किलोवॅट धरून त्यात साडेबारा मिळवले की एकूण १३५ येतात. इतर वेगांसाठी हाच हिशेब पुढीलप्रमाणे होतो.

| वेग (किमी/तास) | हवेचा रोध (वॅट-तास/किमी) | एकूण खर्च (वॅट-तास/किमी) | पल्ला (किमी) |
|---|---|---|---|
| ६० | ३४ | १०८ | २७८ |
| ८० | ६० | १३५ | २२२ |
| १०० | ९४ | १७२ | १७४ |
| १२० | १३६ | २१९ | १३७ |

ताशी ८० ला चाकांचा आणि हवेचा वाटा फारसा वेगळा नाही. १२० ला हवेचा वाटा चाकांच्या तिप्पट होतो. या वेगाने, म्हणजे समृद्धी महामार्गावर मोटारींना असलेल्या कमाल वेगाने, ही मोटार १५० किलोमीटर जाऊच शकत नाही. चौपदरी राष्ट्रीय महामार्गावरील १०० च्या मर्यादेत ती यवतमाळला पोहोचते, पण हाताशी २४ किलोमीटरच उरतात. ८० ने आल्यास ७२ किलोमीटर शिल्लक राहतात आणि प्रवासाला सुमारे २२ मिनिटे अधिक लागतात. त्या २२ मिनिटांसाठी सुमारे साडेपाच किलोवॅट-तास मोजावे लागतात. ३० किलोवॅटच्या जलद चार्जरवर ते ११ मिनिटांत भरून येतात, त्यामुळे चालू स्थितीतील चार्जर वाटेत असेल तर वेगाने जाणे वेळेच्या दृष्टीने तोट्याचे नाही. तो बंद असल्यास मात्र घरगुती १५ अँपिअरच्या प्लगवर तेवढ्याच ऊर्जेला दीड तासाहून अधिक वेळ लागतो.

चढामुळे पल्ला घटतो अशी समजूत सर्रास आढळते. नागपूर ते यवतमाळ चढ सुमारे १३५ मीटरचा असून त्याला एकूण ०.७ किलोवॅट-तास लागतात, म्हणजे किलोमीटरमागे पाचही नाहीत. शिवाय परतीच्या उतारावर त्यातील बराच भाग परत मिळतो. हवेला दिलेली ऊर्जा मात्र परत येत नाही. शहरात ब्रेक लावताना मोटर जनित्राप्रमाणे फिरून काही ऊर्जा बॅटरीत परत घालते. महामार्गावर ब्रेकच क्वचित लागतो, म्हणून ती सोय तेथे निरुपयोगी ठरते.

वारा व ऋतू

रोध ठरतो तो रस्त्यावरील वेगाने नव्हे, तर हवेच्या सापेक्ष वेगाने. पावसाळ्यात विदर्भात वारा बहुधा पश्चिम व नैर्ऋत्येकडून येतो आणि यवतमाळ नागपूरच्या नैर्ऋत्येस आहे. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असल्यास ८० ने चालणाऱ्या मोटारीला हवा १०० ची भासते. तिचा खर्च १३५ वरून १७५ वर जातो, आणि चालकाला वेगदर्शकावर काहीच वेगळे दिसत नाही. थंड हवा अधिक दाट असते. हिवाळ्यातील १२ अंशांच्या पहाटे हवेचा रोध उन्हाळ्यातील ४५ अंशांच्या दुपारपेक्षा सुमारे ११ टक्के अधिक असतो. उन्हाळ्यात ती बचत वातानुकूलन यंत्र बऱ्याच अंशी खाऊन टाकते. टपावरील सामानाची जाळी व उघड्या खिडक्यांमुळेही रोध वाढतो.

पडताळा

पडद्यावर दिसणारा उरलेला पल्ला बहुधा आधीच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो. आठवडाभर नागपुरात फिरलेली मोटार निघताना २६० किलोमीटर दाखवते आणि बुटीबोरी ओलांडल्यावर तो आकडा कापलेल्या अंतरापेक्षा जलद घसरू लागतो. बॅटरी बिघडल्याची शंका बहुतेकांना येथेच येते. खात्री करण्यासाठी सपाट रस्त्यावर २० किलोमीटर एकाच वेगाने जाऊन पडद्यावरील सरासरी खर्च पाहावा. काही मोटारी किलोवॅट-तासाला किती किलोमीटर असे दाखवतात. १,००० ला त्या आकड्याने भागावे. त्याच रस्त्याने परत येऊन दोन्हींची सरासरी घेतल्यास वारा व चढ यांचा परिणाम बराचसा वगळला जातो. ८० च्या वेगालाही खर्च अपेक्षेहून पुष्कळ अधिक आला, तर प्रथम टायरमधील हवा तपासावी. खर्च ठीक असूनही बॅटरीची टक्केवारी लवकर उतरत असेल, तरच बॅटरीची धारणक्षमता घटल्याचा संशय घेण्यास जागा आहे. वरील मोटारीत एक टक्का म्हणजे ३०० वॅट-तास. १०० च्या वेगाला त्यात पावणेदोन किलोमीटर जावयास हवेत.