पोटात पाणी, मूत्रपिंड मात्र तहानलेले

यकृताचा सिरॉसिस बळावलेला रुग्ण. पोट नगाऱ्यासारखे ताणलेले, घोट्यांवर सूज आणि लघवी मात्र दिवसभरात जेमतेम पाव लिटर. असा रुग्ण इस्पितळात दाखल झाला, की डॉक्टर सर्वप्रथम लघवी वाढवणाऱ्या गोळ्या थांबवतात आणि शिरेवाटे अल्ब्युमिनच्या बाटल्या सुरू करतात. नातेवाइकांना हे सारे उफराटे वाटते. अंगात पाणी साठले असताना पाणी काढणारी गोळी बंद का करायची आणि वरून महागडी बाटली कशासाठी लावायची, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर पाणी किती आहे यात नसून ते कुठे आहे यात दडलेले आहे.

सिरॉसिसमध्ये यकृत कठीण व गाठाळ होते. आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल नीलेत त्यामुळे दाब वाढतो. या दाबाच्या परिणामी आतड्यांच्या परिसरात नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्ये तयार होतात आणि तेथील धमन्या सैलावतात. बरेचसे रक्त मग त्या विस्तारलेल्या जाळ्यातच रेंगाळते. शरीरातील एकूण द्रव वाढलेला असतो, पण हृदयाकडून मेंदू व मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमन्या तुलनेने रित्या पडतात. शरीर याचा अर्थ ‘रक्तस्राव झाला’ असाच घेते आणि मीठ-पाणी धरून ठेवणारी, रक्तवाहिन्या आवळणारी संप्रेरके सोडू लागते. धरलेले मीठ-पाणी पोटात झिरपून जलोदर वाढतो. आवळण्याचा मार सर्वांत अधिक बसतो तो मूत्रपिंडांच्या धमन्यांना. रक्तच पुरेसे न पोचल्याने मूत्रपिंड गाळण्याचे काम थांबवते.

यातील लक्षणीय बाब अशी, की मूत्रपिंड मुळात धडधाकट असू शकते. यकृताच्या विकाराने व मूत्रपिंड निकामी होऊन दगावलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे अन्य रुग्णांमध्ये रोपण केल्याचा अनुभव अमेरिकेतील डॉक्टरांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. नव्या शरीरात ती मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागली. दोष गाळणीत नव्हता, गाळणीपर्यंत पोचणाऱ्या प्रवाहात होता. या अवस्थेला ‘हिपॅटोरिनल सिंड्रोम’ म्हणतात.

आता गोळ्यांकडे वळू. स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड ही जलोदरावरची नेहमीची औषधे. मूत्रपिंड ठीक असते तोवर ती उत्तम काम करतात. मात्र ती पोटातले पाणी थेट खेचत नाहीत. ती रक्तातले मीठ-पाणी बाहेर टाकतात आणि ती तूट भरून काढण्यासाठी पोटातले पाणी हळूहळू रक्तात परतते. हे परतणे संथ असते. लघवीचा वेग त्याहून अधिक झाला, की आधीच रित्या धमन्या आणखी रित्या होतात. शिवाय मूत्रपिंड मंदावलेले असताना स्पायरोनोलॅक्टोन चालू ठेवल्यास रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यामुळे सूज दिसत असूनही गोळी थांबवणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. ६० किलो वजनाचा रुग्ण, क्रिएटिनिन नेहमी ०.९. लॅक्टुलोजच्या औषधाने चार दिवस जुलाब झाले, गोळ्या मात्र चालूच राहिल्या आणि क्रिएटिनिन १.८ झाले. एरवी १.८ हा आकडा फारसा भयावह वाटत नाही. पण सिरॉसिसच्या रुग्णाचे स्नायू झडलेले असतात आणि क्रिएटिनिन स्नायूंतूनच येते. त्यामुळे हा आकडा मूत्रपिंडाची हानी कमी दाखवतो. म्हणूनच आकडा किती यापेक्षा तो किती चढला याला महत्त्व आहे. ४८ तासांत ०.३ ची वाढ किंवा सात दिवसांत दीडपट वाढ एवढ्यावरही आता धोक्याची नोंद होते. या रुग्णाचे क्रिएटिनिन तर दुप्पट झाले आहे.

दोन्ही गोळ्या बंद होतात, लॅक्टुलोजची मात्रा कमी केली जाते, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके घेतली आहेत का याची चौकशी होते. पोटातील पाण्याचा नमुना तपासला जातो, कारण त्यात जंतुसंसर्ग असल्यास मूत्रपिंड बिघडण्याचे तेच कारण असू शकते. मग अल्ब्युमिन. मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज १ ग्रॅम, कमाल १०० ग्रॅम. या रुग्णाला ६० ग्रॅम, म्हणजे २० टक्क्यांच्या १०० मिलिलिटरच्या तीन बाटल्या.

अल्ब्युमिन म्हणजे ताकदीचे टॉनिक, रक्तातली प्रथिने कमी झाल्याने दिलेला खुराक, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. मानवी रक्तद्रवापासून काढलेले हे प्रथिन रक्तवाहिनीत पाणी ओढून धरते. साध्या सलाईनचा मोठा भाग लवकरच झिरपून जलोदरात भर घालतो, अल्ब्युमिन त्या मानाने अधिक काळ टिकते. उद्देश रित्या धमन्या भरण्याचा असतो, अहवालातील आकडा सुधारण्याचा नव्हे. हा फरक केवळ शब्दांचा नाही. ब्रिटनमधील ‘अटायर’ चाचणीत रुग्णालयातील ७७७ रुग्णांपैकी एका गटाची अल्ब्युमिनची पातळी रोज बाटल्या देऊन वाढवण्यात आली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्याचा लाभ दिसला नाही, उलट फुफ्फुसात पाणी साचण्याचे प्रकार वाढले. याउलट पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झालेल्या १२६ रुग्णांवरील १९९९ च्या स्पॅनिश अभ्यासात प्रतिजैविकासोबत अल्ब्युमिन दिलेल्यांपैकी १० टक्क्यांचे, तर न दिलेल्यांपैकी ३३ टक्क्यांचे मूत्रपिंड बिघडले. औषध तेच, पण प्रसंग निराळा.

आपल्या रुग्णाचे दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन १.१ वर आले आणि लघवी वाढली, तर निदान स्पष्ट आहे: जुलाब आणि गोळ्यांनी आलेला कोरडेपणा. पुढे गोळ्या कमी मात्रेने पुन्हा सुरू करता येतात. आकडा हललाच नाही, लघवीत प्रथिने वा रक्तपेशी नाहीत, सोनोग्राफीत मूत्रपिंड नीट दिसते, तर हिपॅटोरिनल सिंड्रोमचा संशय बळावतो. पूर्वी या निदानासाठी अल्ब्युमिनचे दोन दिवस पूर्ण करावेच लागत. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटांनी ही सक्ती काढली. आता २४ तासांनीही निर्णय घेता येतो, आणि हा वाचलेला दिवस मोलाचा असतो.

पुढचे औषध टर्लिप्रेसिन. ते आतड्यांच्या परिसरातील सैलावलेल्या धमन्या आवळते आणि रक्त मूत्रपिंडाकडे वळते. त्यासोबत रोज २० ते ४० ग्रॅम अल्ब्युमिन दिले जाते. येथे सर्वांत मोठी जोखीम श्वासाची. २०२१ च्या अमेरिका व कॅनडातील चाचणीत टर्लिप्रेसिनने मूत्रपिंड अधिक रुग्णांत सुधारले, परंतु श्वसन निकामी होऊन मृत्यूही वाढले. म्हणून धाप, श्वासाचा वाढता वेग किंवा बोटावरील यंत्रात ऑक्सिजनची घसरण दिसताच अल्ब्युमिन थांबवावे लागते. नातेवाइकांनी रात्री ‘झोपल्यावर दम लागतो’ असे दिसल्यास ते परिचारिकेला सांगावे, सकाळच्या फेरीची वाट पाहू नये.

मग ताणलेल्या पोटाचे काय? ते सुईने रिकामे करता येते, पण तिथेही भरपाई लागते. पाच लिटरहून अधिक पाणी काढल्यास प्रत्येक लिटरमागे साधारण ८ ग्रॅम अल्ब्युमिन दिले जाते. सहा लिटर काढले, तर ४८ ग्रॅम, म्हणजे जवळपास अडीच बाटल्या. या साऱ्या उपायांनी मूत्रपिंड सावरले, तरी यकृत तसेच राहते आणि तोच प्रसंग पुन्हा ओढवू शकतो. त्यामुळे रुग्ण योग्य असल्यास यकृत प्रत्यारोपणाची चर्चा याच मुक्कामात सुरू केली जाते.