वीरकाला लाथ, भद्रेश्वराची दलाली

नाटकात कुणाला काय नाव द्यावं, याचे नियम भरताच्या नाट्यशास्त्रातच सापडतात. व्यापाऱ्याच्या नावात ‘दत्त’ असावं, गणिकेच्या नावाअखेर ‘दत्ता’, ‘मित्रा’ किंवा ‘सेना’ यावं, दासीला फुलाचं नाव शोभतं आणि शूराचं नाव शौर्य सांगणारं हवं. पात्र रंगमंचावर आलं की नावावरूनच प्रेक्षकाला त्याचा दर्जा कळावा, एवढाच यामागे हिशेब. पण एकदा नावावर विश्वास ठेवायची सवय लागली, की नाटककाराला गुपचूप चिमटा काढायची सोय होते.

शूद्रकाने ‘मृच्छकटिका’त ती पुरेपूर वापरली. चारुदत्त आणि वसंतसेना ही नावं नियमाला धरून आहेत. सहाव्या अंकात मात्र वीरक आणि चंदनक हे दोन पहारेकरी येतात. कैदेतून पळालेला आर्यक गाडीत लपलेला असतो. चंदनक आधी डोकावतो, त्याला अभय देतो आणि गाडी सोडू पाहतो. वीरकाला संशय येतो. भांडण थेट जातीवर घसरतं, तेव्हा कळतं की शौर्याचं नाव मिरवणारा वीरक न्हावी आहे आणि चंदनाचं नाव लावणारा कातडी कमावणाऱ्यांतला. शेवटी चंदनक वीरकाला खाली पाडून लाथ घालतो आणि नवव्या अंकात तीच तक्रार घेऊन ‘वीर’ न्यायालयात उभा राहतो! शकाराचा गाडीवान स्थावरक तर नावाने अचल आणि धंद्याने सतत फिरता. पण वसंतसेनेला मार, असं मालक सांगतो तेव्हा तो खरोखरच जागचा हलत नाही. इथे थट्टा म्हणून आलेलं नाव खरं ठरतं.

प्रत्येक विसंगती मात्र नाटककाराच्या पदरी घालू नये. प्रजेला छळणाऱ्या राजाचं नाव ‘पालक’ आहे खरं, पण ते पुराणांच्या वंशावळीत प्रद्योताच्या मुलाचं म्हणून आधीपासूनच आहे. शूद्रकाला ते आयतं मिळालं.

पुढच्या प्रहसनांत ही कला भडक झाली. ‘हास्यार्णवा’तला राजा अनयसिंधु, म्हणजे अनीतीचा सागर. असं नाव कुणी बारशाला ठेवणार नाही. ऐकताक्षणी सगळं कळतं, मग उलगडायला काही उरत नाही.

‘मृच्छकटिक’ मराठीत आणणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘शारदा’त (१८९९) नावं पुन्हा घरगुती ठेवली. पंचाहत्तरीच्या नवरदेवाचं नाव भुजंगनाथ. ऐकायला ते शंकराचं नाव, पण संस्कृतात ‘भुजंग’ म्हणजे सापही आणि रंगेलही. पैशासाठी मुलगी द्यायला निघालेला बाप कांचनभट; त्याच्या नावात सोनं उघडच आहे. हे लग्न जुळवणारा मध्यस्थ मात्र भद्रेश्वर दीक्षित. भद्र म्हणजे मंगल, सज्जन. वर यज्ञदीक्षेची आठवण देणारं आडनाव. गावात सहज भेटावं असं हे नाव, म्हणून नाटकात कुणी त्यावर बोट ठेवत नाही. विसंगती कळते ती दलालीची बोलणी ऐकणाऱ्या प्रेक्षकाला.